सर्दीचे दिवस मोज

अगं, बाळाचं नाक गळायला लागलं की पहिलं काम एकच. भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेला पेनने खूण कर. औषधाची बाटली नंतर. साध्या सर्दीतून पुढे कान, सायनस किंवा छाती बिघडते आहे का, हे ओळखायला आईच्या हातात याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. आरोग्य केंद्रात नर्सबाई म्हणून काम करताना मी रोज बघायचे, डॉक्टर विचारतात, "किती दिवस झाले?" आणि घरचे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आजी म्हणते चार, बाप म्हणतो आठवडा झाला असेल. चार दिवस आणि अकरा दिवस यांत डॉक्टरांचा सगळा विचार बदलतो.

सर्दी विषाणूची असते आणि तिची एक ठरलेली चाल असते. पहिल्या दिवशी घसा खवखवतो, शिंका येतात, नाकातून पाणी येतं. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. ताप यायचा तर तो याच दिवसांत येतो आणि बहुधा दोन-तीन दिवसांत जातो. मग शेंबूड घट्ट होतो, पिवळा-हिरवा होतो, आणि सात ते दहा दिवसांत नाक मोकळं होतं. खोकला मात्र मागे रेंगाळतो. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं हे नेहमीचंच आहे. पाळणाघरात जाणाऱ्या मुलांना त्याहूनही जास्त वेळा होते, म्हणून मूल अशक्त आहे असं मनात आणू नकोस.

शेंबूड हिरवा झाला की घरात सगळे म्हणतील, आता अँटिबायोटिक हवं. तसं नाही. विषाणूशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमुळे तो रंग येतो, आणि साध्या सर्दीतही चौथ्या-पाचव्या दिवशी तो दिसतोच. रंगावरून जंतूंचा संसर्ग ओळखता येत नाही. चालीवरून येतो. सर्दी उतरणीला लागली होती, ताप गेला होता, मूल खेळायला लागलं होतं, आणि मग पुन्हा ताप आला, पुन्हा रडारड सुरू झाली, तर तिथे थांबायचं आणि नीट बघायचं. बरं होता होता बिघडलेली सर्दी, ही खूण मोठ्या माणसांना लागू आहे आणि लहानांनाही. तुझी कालनिर्णयावरची खूण त्यासाठी आहे.

आधी कानाचं सांगते, कारण तुझं बाळ ज्या वयाचं आहे त्या वयात कानच सगळ्यात आधी धरतो. सहा महिने ते दोन वर्षं हा त्याचा काळ. नाकाच्या मागून कानाच्या पडद्यामागच्या पोकळीत एक बारीक नळी जाते. तिथली हवा खेळती ठेवणं आणि आतलं पाणी घशात उतरवणं हे तिचं काम. मोठ्या माणसात ती लांब आणि उतरती असते. बाळाची नळी आखूड, जवळजवळ आडवी आणि मऊ असते. सर्दीने तिचं तोंड सुजलं की पडद्यामागे पाणी साठतं, घशातले जंतू तिथे पोचतात आणि पू होतो. याला साधारण तीन ते पाच दिवस लागतात, म्हणून कान दुखायला लागतो तो सर्दीच्या पहिल्या दिवशी नाही, मधल्या दिवसांत.

आमच्या गल्लीतल्या एका बाळाचं सांगते, म्हणजे नीट लक्षात राहील. वय चौदा महिने, वजन दहा किलो. सोमवारी नाक गळायला लागलं, रात्री थोडा ताप. बुधवारपर्यंत ताप गेला, बाळ खिचडी खायला लागलं. शुक्रवारी रात्री एक वाजता किंचाळत उठलं. अंगात १०१ च्या वर ताप. आई दूध पाजायला घ्यायची, बाळ दोन घोट ओढून तोंड सोडायचं आणि रडायचं. खांद्यावर उभं धरलं की जरा शांत, आडवं केलं की पुन्हा आकांत. ही दोन लक्षणं मनात ठेव. दूध ओढताना आणि गिळताना कानातला दाब बदलतो, म्हणून भूक असूनही बाळ तोंड सोडतं. आडवं झाल्यावर दाब वाढतो, म्हणून दुखणं रात्री जास्त. नुसता कान ओढणं ही मात्र कच्ची खूण आहे. दात येताना, झोप आली असताना, सवयीनेही मुलं कान ओढतात. ताप, रात्रीचं रडणं आणि दूध सोडणं हे सोबत असेल तरच त्याला वजन दे.

त्या रात्री घरात तेल तापवायला घेतलं होतं, लसणाच्या पाकळ्या घालून. तू हे करू देऊ नकोस. पडद्यामागच्या पुवाला वरून घातलेलं तेल पोचतच नाही, मधे पडदा असतो. आणि पडदा आतून फुटलेला असेल तर तेच तेल थेट आत जातं. गरम तेलाने कान भाजलेली मुलं मी पाहिली आहेत. डॉक्टरांनाही मग तेलामुळे पडदा नीट दिसत नाही. तुझ्या सासूबाई मायेपोटीच सांगतील, त्यांना तोडून बोलू नकोस. म्हण, "आई, तेल तळपायांना चोळा, त्याला झोप लागेल." त्यांचा मान राहील आणि कानही राहील.

दुखण्यावर खरा उतारा पॅरासिटामॉलचा. मात्रा वयावरून नाही, वजनावरून. एका किलोला १५ मिलीग्रॅम या हिशोबाने दहा किलोच्या बाळाला एका वेळी १५० मिलीग्रॅम. आता बाटली वाच. पाच मिलीमध्ये १२५ मिलीग्रॅम लिहिलं असेल तर सहा मिली द्यायचं. पाच मिलीमध्ये २५० लिहिलं असेल तर तीनच मिली. दोन्ही बाटल्या दुकानात शेजारी शेजारी असतात, आणि इथेच घरोघरी गोंधळ होतो, दुप्पट तरी जातं किंवा अर्धंच जातं. घरातला चमचा वापरू नकोस, बाटलीसोबतचं माप किंवा सुईविना सिरिंज घे. दोन मात्रांत सहा तासांचं अंतर ठेव आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा देऊ नकोस. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी काहीच न देता दवाखाना गाठायचा. ॲस्पिरिन मुलांना कधीच नाही.

शनिवारी सकाळी डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं. एका कानाचा पडदा लाल आणि फुगलेला. त्यांनी लगेच अँटिबायोटिक लिहिलं नाही, म्हणून बाप नाराज झाला. पण त्यामागे विचार होता. एकाच कानाला आहे, ताप १०२ च्या वर गेलेला नाही, बाळ सहा महिन्यांच्या पुढचं आहे आणि घर दवाखान्याच्या जवळ आहे, अशा वेळी दुखणं थांबवून दोन दिवस वाट बघता येते. पुष्कळ कान एवढ्यात आपोआप उतरतात. दोन्ही कान धरले असते, ताप १०२ च्या पुढे चढला असता किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असतं, तर लगेच औषध सुरू झालं असतं. वाट बघायला सांगितलं म्हणजे घरी सोडून दिलं असं नाही. दोन दिवसांत फरक पडला नाही किंवा बिघडलं तर परत यायचं, हे त्यात धरलेलं असतं.

त्या बाळाचा कान शनिवारी संध्याकाळी फुटला. उशीवर पिवळट, जरा रक्त मिसळलेला डाग, आणि बाळ एकदम शांत झोपलेलं. घरच्यांना वाटलं बरं झालं. पडदा फाटून पू बाहेर आला की आतला दाब जातो, म्हणून दुखणं थांबतं. दुखणं थांबलं तरी आजार संपलेला नसतो. आता मात्र अँटिबायोटिक सुरू झालं, आणि दोन वर्षांच्या आतलं बाळ म्हणून पूर्ण दहा दिवस दिलं. तिसऱ्या दिवशी बाळ हसायला लागलं तरी आईने बाटली बंद केली नाही, हे तिने फार चांगलं केलं. अंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून तो कानाच्या तोंडाशी ठेवायचा, आत खोल खुपसायचा नाही. वाहणारा पू बाहेरून पुसायचा, काडीने आत कोरायचं नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कानात थेंबही घालायचे नाहीत. असा फाटलेला पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपला आपण भरून येतो.

कान दोन आठवड्यांनंतरही वाहत असेल किंवा त्याला घाण वास येत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडेच जायचं. कानामागचं हाड सुजलं, लाल झालं, दुखायला लागलं, किंवा एक कान दुसऱ्यापेक्षा पुढे आल्यासारखा दिसला, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल. आणि एक गोष्ट, जिच्याकडे कोणी बघत नाही. दुखणं गेल्यावरही पडद्यामागे पाणी काही आठवडे राहतं, त्यामुळे मुलाला कमी ऐकू येतं. ते हट्टी झालंय, हाक मारली तर बघत नाही, असं वाटतं. तीन महिने झाले तरी पाणी असेल तर ऐकण्याची तपासणी करून घे, कारण हेच वय बोलायला शिकण्याचं असतं.

कान वारंवार धरू नये म्हणून घरात करण्यासारखं आहे. बाळाला आडवं निजवून बाटली तोंडात देऊन ठेवू नकोस, डोकं वर धरून पाज. सिगारेट-बिडीचा धूर आणि चुलीचा धूर बाळाच्या खोलीत नको. न्युमोकॉकसची लस आता सरकारी लसीकरणात फुकट मिळते, सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. तुझ्या कार्डावर तिन्ही खुणा आहेत का, ते आजच बघ.

आता सायनसचं. हा त्रास बाळापेक्षा तुला आणि जावईबापूंना जास्त होणार. सायनस म्हणजे गालाच्या, कपाळाच्या हाडांतल्या पोकळ्या. गालातली पोकळी म्हणजे जिची एकुलती खिडकी छताजवळ आहे अशी खोली. पाणी तळाशी, वाट वर. आतलं अस्तर बारीक केसांनी तो स्राव वर ढकलत नेऊन नाकात सोडत असतं. सर्दीने ती वाट सुजून बंद झाली की स्राव साठतो, चेहरा जड होतो, वाकलं की गाल ठणकतात, वरच्या दाढा दुखतात. हे प्रत्येक सर्दीत थोडंफार होतंच. त्यात जंतू वाढून खरा सायनसचा संसर्ग होणं मोठ्या माणसांत शंभर सर्द्यांत एक-दोनदाच होतं. तेव्हा तिसऱ्या दिवशी डोकं जड झालं म्हणून "मला सायनस झालाय" म्हणत मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणू नका.

खरा संसर्ग तीन चालींनी ओळखायचा. दहा दिवस होऊन गेले आणि काहीच उतार नाही. किंवा पाच-सहा दिवसांनी बरं वाटून पुन्हा ताप, डोकेदुखी आणि घट्ट शेंबूड सुरू झाला. किंवा अगदी सुरुवातीपासून १०२ च्या वर ताप, पुवासारखा शेंबूड आणि चेहऱ्याचं दुखणं असं तीन-चार दिवस सलग चाललं. यांतलं काही असेल तर डॉक्टर.

तोवर नाक मिठाच्या पाण्याने धुवायचं. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यायचं, त्यात सपाट एक छोटा चमचा मीठ. वाटीतून किंवा नेतीच्या भांड्यातून एका नाकपुडीत घालून दुसरीतून सोडायचं. पाणी उकळलेलंच हवं, नळाचं नको, विहिरीचं तर मुळीच नको. कोमट दूषित पाण्यात एक अमिबा असतो, तो नाकातून मेंदूत जातो आणि त्या आजारातून फार थोडी माणसं वाचतात. नाक शिंकरताना एक नाकपुडी दाबून दुसरी हलकेच मोकळी करायची. दोन्ही दाबून जोर केला की शेंबूड कानाकडे आणि सायनसकडे ढकलला जातो. नाक मोकळं करणारे थेंब मोठ्यांनी रात्री झोपताना घालायला हरकत नाही, पण पाच दिवसांपुढे नाही. पुढे घातले की थेंब उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग थेंबांशिवाय झोपच येत नाही आणि माणूस वर्षभर ती बाटली खिशात घेऊन फिरतो. वाफारा मोठ्यांनी घ्यावा, आराम पडतो. बाळाला मात्र उकळत्या पाण्याच्या भांड्याजवळ नेऊ नकोस. वाफेच्या भांड्याने भाजलेली मुलं सर्दीच्या दिवसांत दवाखान्यात येतातच.

डोळ्याभोवती सूज किंवा लाली आली, डोळा पुढे आल्यासारखा वाटला, एकाचे दोन दिसायला लागले, किंवा डोकेदुखीसोबत मान आखडली, तर रात्र काढायची नाही. मुलांमध्ये नाकाच्या मुळाशी असलेल्या सायनसमधून डोळ्याच्या खोबणीत संसर्ग पटकन पोचतो. सकाळी पापणी सुजलेली दिसली तर डास चावला असेल म्हणून सोडून देऊ नकोस. सर्दी आणि ताप सोबत असेल तर लगेच दाखव. आणि छोट्या मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर ती सर्दी नव्हे. मणी, हरभरा, शेंगदाणा, खोडरबराचा तुकडा, काहीतरी आत गेलेलं असतं. घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, ते आणखी आत सरकतं.

राहिली छाती. सर्दी खाली उतरून श्वासनळ्यांना सूज आली की त्याला ब्राँकायटिस म्हणतात. तोही बहुतेक वेळा विषाणूचाच. खोकला आधी कोरडा, मग बेडका पडतो, छातीत खरखर होते. लोकांना वाटतं खोकला आठवड्यात जावा. तो जात नाही. सरासरी अडीच आठवडे राहतो, तीन आठवडेही लागतात, आणि बेडका पिवळा असला तरी अँटिबायोटिकने त्यात फारसा फरक पडत नाही. सातव्या दिवशी एक डॉक्टर, दहाव्या दिवशी दुसरे, अशी फिरफिर करण्यापेक्षा रोजचा खोकला कालच्यापेक्षा कमी आहे का, एवढं बघत राहा. वर्षाच्या पुढच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध दे, त्याने रात्रीचा खोकला उतरतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवूसुद्धा नकोस, त्यातले जंतू त्याच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. बाजारातलं खोकल्याचं औषध लहान मुलाला नको. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची मुलं विषारी भेसळ असलेल्या सिरपने दगावली, त्यांतली काही उपचाराला नागपूरला आणली होती. त्यानंतर केंद्र सरकारने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं द्यायचीच नाहीत, आणि पाच वर्षांखालच्यांनाही सहसा नाहीत.

छातीचा आजार वरवरचा आहे की न्यूमोनियाकडे चाललाय, हे श्वास मोजून कळतं. बाळ शांत असताना, शक्यतो झोपलेलं असताना, झबलं वर कर आणि घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोज. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नकोस, बाळाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, तर तो वेगवान श्वास. तुझ्या बाळाला वर्ष झालंय, म्हणजे तुझा आकडा ४०. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ दूध घेऊ शकत नसेल, तर मोजत बसू नकोस, निघ. आणि दर सर्दीनंतर छातीत शिट्टीसारखा आवाज होत असेल तर दम्याची तपासणी लागते, दरवेळी अँटिबायोटिक नाही.

सासूबाईंचं वेगळं आहे. त्यांना साखर आहे, वय झालंय. म्हाताऱ्या माणसात न्यूमोनियाला ताप असेलच असं नाही. त्या जेवेनात, दिवसभर पडून राहिल्या, बोलण्यात घोटाळा करायला लागल्या, दोन पावलांवर धाप लागली, तर तोच ताप समज. घरात कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर असेल तर लाव, ९४ च्या खाली दिसलं तर थांबू नका.

आणि त्यांचा खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, तर ब्राँकायटिसचा खोकला तीन आठवडे राहतो म्हणून स्वस्थ बसायचं नाही. आपल्या देशात दोन आठवड्यांच्या खोकल्याला टीबीसाठी बेडका तपासायचाच, आणि साखर असलेल्यांना तर नक्कीच. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट आहे. दोन नमुने लागतात, एक तिथेच आणि दुसरा पहाटे उठल्या उठल्या. त्यांना नीट समजावून सांग की डबीत लाळ नको. चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून वर आलेला बेडकाच डबीत टाकायचा. हे अंगणात किंवा खिडकीशी करायचं, बाळ जवळ नसताना.